शेळगी, सोलापूर: दिवसाला ५ ते ७ तास लाईट नसते. ट्यूब्युलर, फ्लॅट प्लेट की लिथियम?

शेळगीची_सून
नमस्कार. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा. गेला महिनाभर सकाळी ९ ते ११ आणि दुपारी २ ते ५ लाईट जातेच, शिवाय बऱ्याच रात्री ११ ते १. इन्व्हर्टर ८५० व्हीएचा, साईन वेव्ह, त्याची काही तक्रार नाही. बॅटरी १५० ची फ्लॅट प्लेट आहे, ३ वर्षं होत आली. आता पाऊण तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

चालतं ते एवढंच: ३ साधे पंखे, ४ एलईडी, राऊटर आणि माझा लॅपटॉप. दुकानदार म्हणतात ट्यूब्युलर घ्या, जुनी देऊन १५ हजारांच्या आसपास. दीर म्हणतात लिथियमच घ्या, पाणी घालायची कटकट नाही. १०० अँपिअर-अवरची लिथियम ३० हजारांच्या पुढे सांगितली. सासऱ्यांना उकाडा अजिबात सोसत नाही, त्यामुळे दुपारचे ३ तास त्यांचा पंखा बंद पडून चालणार नाही. बॅटरी गच्चीच्या जिन्यात, वर पत्रा आहे तिथे ठेवलेली आहे. काय घ्यावं?

पुणेकर_अभियंता
लिथियम. दुसरा विचारच करू नका. ट्यूब्युलर पूर्ण रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, लिथियम ९० टक्क्यांपर्यंत वापरली तरी चालते. म्हणजे १०० ची लिथियम आणि १५० ची ट्यूब्युलर हातात सारखीच पडतात. वर लिथियम २-३ तासांत फुल्ल चार्ज होते. तुमच्याकडे सकाळ आणि दुपारच्या मध्ये ३ तासच लाईट आहे, मग याहून सोयीचं काय? वजन पाचवा हिस्सा, पाणी नाही, वास नाही.

निलमनगर_४४
माझाही प्रश्न इथेच विचारतो. आमच्याकडे नळाला पाणी यायच्या वेळेलाच नेमकी लाईट जाते. ट्यूब्युलर घेतली तर अर्ध्या एचपीची मोटर चालेल का? पाळी चुकली की पुढचे चार दिवस हाल होतात.

बॅटरीवाले_काका
निलमनगर, बॅटरी कुठलीही घ्या, ८५० च्या इन्व्हर्टरवर मोटर उचलणार नाही. चालू झाल्यावर ती ५००-६०० वॅट खाते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते आणि तिथेच इन्व्हर्टर ट्रिप होतो. तुम्हाला मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या लागतील. त्याचा वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

आता शेळगीच्या ताई. तुम्ही लाईट कधी जाते ते सांगितलं हे फार बरं केलं. गिऱ्हाईक येतं ते "किती तास चालेल" एवढंच विचारतं. पण तुमच्या घरी खरा प्रश्न, दोन वेळच्या मध्ये बॅटरी भरते किती, हा आहे. तुमचा इन्व्हर्टर चार्जिंगला किती अँपिअर देतो?

शेळगीची_सून
काका, ते कुठे बघायचं? समोर फक्त हिरवा दिवा आहे.

बॅटरीवाले_काका
दिव्यावर कळणार नाही. इलेक्ट्रिशियनला सांगा, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन ये. साध्या क्लॅम्पला डीसी दिसत नाही, हे त्याला आधीच बजावा. लाईट आल्यावर अर्ध्या तासाने बॅटरीच्या लाल वायरला क्लॅम्प लावायचा. तो आकडा मला कळवा. हायड्रोमीटर असेल तर सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, बघून लिहायला सांगा.

तोवर फ्लॅट प्लेटबद्दल सांगतो. मी या धंद्यात ३० वर्षं आहे. मेलेली फ्लॅट बॅटरी फोडली की तळाला तपकिरी चिखल बसलेला दिसतो. तो चिखल म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटवरचा माल. या प्लेटमध्ये शिशाच्या जाळीवर पेस्ट थापलेली असते. बॅटरी खोलवर रिकामी करून पुन्हा भरली की ती पेस्ट फुगते, आकसते आणि हळूहळू सुटत जाते. ट्यूब्युलरमध्ये तोच माल शिशाच्या सळईभोवती, विणलेल्या कापडी नळ्यांत कोंबलेला असतो. सुटायचं म्हटलं तरी जायला वाट नाही. म्हणून रोज खोलवर वापर असेल तर ट्यूब्युलर टिकते. जिथे आठवड्यातून एकदा-दोनदा अर्धा तास लाईट जाते, तिथे फ्लॅट चांगली चालते आणि पैसेही वाचतात. तुमच्याकडे तिचं काम नाही. तीन वर्षं ओढली म्हणजे तिने तुमच्यासाठी पुष्कळ केलं.

बाळे_बायपास
माझा अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी लिथियम घेतली, इन्व्हर्टर जुनाच ठेवला. बॅकअप ठीक. पण एक भलताच त्रास झाला. एका रात्री बॅटरी पूर्ण उतरली आणि आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने, तिला बंद केलं. लाईट आल्यावर इन्व्हर्टरला बॅटरी दिसेचना, त्यामुळे चार्जिंगच सुरू होईना. विक्रेत्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन दुसऱ्या चार्जरने जागी करून गेला. नंतर लिथियमचा पर्याय असलेला इन्व्हर्टर घेतला तेव्हापासून शांतता आहे. घेताना हे नक्की विचारा.

पुणेकर_अभियंता
तो इन्व्हर्टरचा दोष, बॅटरीचा नाही.

बाळे_बायपास
दोष कुणाचाही असो, अंधारात आम्हीच बसलो होतो.

शेळगीची_सून
इलेक्ट्रिशियन येऊन गेला. चार्जिंग १० अँपिअरच्या जरा खालीच दिसलं. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच सापडला, नॉर्मल आणि हाय असा, तो नॉर्मलवर होता. हायवर केल्यावर १५ दाखवलं. ग्रॅव्हिटी अशी आली, पॉझिटिव्ह टोकापासून: ११७०, ११८०, ११७०, ११००, ११८०, ११७५. रात्रभर लाईट होती तरी एवढीच. हिरवा दिवा मात्र "फुल्ल" सांगतोय.

बॅटरीवाले_काका
सगळं उलगडलं. चार्ज झालेल्या चांगल्या बॅटरीत सगळे सेल १२४० किंवा वर पाहिजेत आणि एकमेकांच्या जवळ पाहिजेत. तुमचे पाच सेल ११७० च्या आसपास अडकलेत, म्हणजे प्लेटवर सल्फेट जमून घट्ट झालंय. चौथा सेल तर गेलाच. अशा बॅटरीचं व्होल्टेज लवकर वर चढतं, म्हणून इन्व्हर्टरला ती भरली असं वाटतं. कुणी "नवं ॲसिड टाकून देतो" म्हणालं तर ऐकू नका. ग्रॅव्हिटीचा आकडा वाढेल, बॅकअप वाढणार नाही.

सल्फेट का जमलं ते हिशोबात बघा. तुमचा लोड साधारण ३२० वॅट. इन्व्हर्टरमधला घसारा धरून बॅटरीतून ३८० निघतात, म्हणजे ३२ अँपिअर. सकाळच्या २ तासांत ६४ अँपिअर-अवर गेले. ११ ते २ या ३ तासांत १० अँपिअरने ३० भरले, त्यातलेही कामाचे २५ धरा, कारण शिशाच्या बॅटरीत टाकलेलं सगळं परत मिळत नाही. बॅटरीवर १५० लिहिलेलं असतं ते २० तासांत हळूहळू काढलं तर. ३२ अँपिअरने ओढलं की नवी बॅटरीही १०५-११० च देते. म्हणजे २ वाजता तुमच्या हातात ७० च्या आसपास. दुपारी सव्वादोन तासांनी खेळ खल्लास. नवी ट्यूब्युलर आणून याच स्विचवर ठेवली असती तरी सासऱ्यांचा पंखा सव्वाचारला बंद पडला असता.

आणि रात्रीही ती पूर्ण भरत नाही. सबंध दिवसात लाईट १७ तास, १० अँपिअरने १७० टाकले, त्यातले १४५ कामाचे. वापर त्याच्यापेक्षा जास्त. रोज थोडी थोडी अर्धपोटी राहिलेली शिशाची बॅटरी सल्फेट धरते. ट्यूब्युलर याला जास्त सोसते, पण तीही कायम उपाशी ठेवली तर दीड-दोन वर्षांत याच गतीला जाते.

पुणेकर_अभियंता
काका, मी तेच म्हणत होतो. चार्जिंगचा वेळ कमी आहे, म्हणून लिथियम. २-३ तासांत भरते.

बॅटरीवाले_काका
साहेब, ती भरून घेऊ शकते हे खरं. पण देणारा कोण? इन्व्हर्टर १० अँपिअर देत असेल तर लिथियमला पण १० च मिळणार, १०० ची बॅटरी भरायला १० तास. ताईंच्या वेळापत्रकात बसवून बघा. लिथियमचं व्होल्टेज थोडं जास्त, म्हणून ओढ ३० अँपिअरची. सकाळी ६० गेले, ४० उरले, ११ ते २ मध्ये ३० आले. २ वाजता ७०. तेवढ्यात चालेल सव्वादोन-अडीच तास. ट्यूब्युलरपेक्षा दहा-पाच मिनिटं जास्त, आणि पैसे दुप्पट.

तुमचं गणित ४०-५० अँपिअर देणाऱ्या, लिथियमसाठीच्या इन्व्हर्टरवर बरोबर बसतं. तिथे २ वाजेपर्यंत ती खरोखर फुल्ल होईल आणि दुपार निभावेल. एवढ्या वेगाने ट्यूब्युलर भरता येत नाही. १५० च्या ट्यूब्युलरला १५, फार तर २० अँपिअर. शिवाय ८० टक्क्यांच्या पुढे ती घेतेच हळू, शेवटचा भाग भरायला तासन् तास लागतात. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत त्याच जोमाने घेते. हा तिचा खरा गुण, आणि तुमच्यासारख्या लाईटीला तो मोलाचा आहे. फक्त त्याची किंमत बॅटरी अधिक इन्व्हर्टर अशी धरावी लागते.

पुणेकर_अभियंता
इन्व्हर्टर बदलायचा धरला तरी माझं मत तेच. ट्यूब्युलर चार-पाच वर्षांनी परत घ्यावी लागेल, लिथियम दहा वर्षं जाईल. दहा वर्षांचा हिशोब मांडा.

होटगी_रोड
दहा वर्षं हे सोलापूरच्या उन्हात कुणी बघितलंय? कंपनीच्या कागदावर चार्ज-डिस्चार्जच्या सायकल लिहिलेल्या असतात त्या २५ डिग्रीच्या खोलीतल्या. इथे मे महिन्यात सावलीत ४२-४३ असतं. माझ्या ओळखीत सगळ्यात जुनी घरगुती लिथियम चार वर्षांची आहे, ती अजून छान चाललीय. त्यापुढचं मी तरी सांगू शकत नाही.

पुणेकर_अभियंता
लिथियम आयर्न फॉस्फेट उष्णतेला शिशापेक्षा चांगलं टिकतं, हे तर मान्य कराल?

होटगी_रोड
मान्य. पण टिकणं वेगळं आणि तापलेली असताना चार्ज होणं वेगळं. बऱ्याच बॅटऱ्यांना चार्जिंगची मर्यादा ४५ डिग्रीच्या आसपास दिलेली असते, काहींना ५५. त्यावर गेलं की बीएमएस चार्जिंग थांबवतो. ताईंची बॅटरी पत्र्याखाली आहे.

बाळे_बायपास
हे माझ्याकडे झालंय. एप्रिलच्या शेवटी दुपारी लाईट असूनही चार्जिंग शून्य, संध्याकाळी आपोआप सुरू. बॅटरी पश्चिमेच्या भिंतीला लागून होती. आतल्या खोलीत आणली, परत झालं नाही.

शेळगीची_सून
आत्ता साडेतीन वाजता मुलाने पत्र्याखाली थर्मामीटर ठेवून बघितलं. ४६.

बॅटरीवाले_काका
मग आधी जागा बदला, बॅटरी कुठलीही घ्या. शिशाच्या बॅटरीचा साधा हिशोब असा, की २५ च्या वर दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं होत जातं. ४६ ला ठेवलेल्या बॅटरीची वॉरंटी बघण्यात अर्थ नाही. तापलेल्या बॅटरीला तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट जातो, पाणी भराभर उडतं, प्लेट उघड्या पडतात. खालच्या मजल्यावर, हवा खेळेल अशा पॅसेजमध्ये ठेवा. बंद कपाटात किंवा झोपायच्या खोलीत ट्यूब्युलर नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. आणि पाणी घालायचं ते बॅटरीचंच. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, ते नकोच. आरओचंही चालत नाही.

जुळे_सोलापूर_ताई
मी इलेक्ट्रिकमधली नाही, पण एक विचारते. आमच्याकडे ३ पंखे बदलून कमी वॅटचे रिमोटवाले लावले आणि त्याच जुन्या बॅटरीवर रात्र निघायला लागली. शेळगीच्या ताईंनी आधी पंखेच बदलले तर?

बॅटरीवाले_काका
ताई, मी याच मुद्द्यावर येणार होतो, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. साधा पंखा ७५ वॅट, तुमचा रिमोटवाला म्हणजे बीएलडीसी, फुल्ल स्पीडला ३०-३५. तिन्ही बदलले की ३२० चा लोड १९० वर येतो. बॅटरीतून ओढ ३२ वरून १९ अँपिअरवर. आणि हळू काढलं की तीच ट्यूब्युलर १०५ ऐवजी १२० च्या वर देते, हा वरचा फायदा.

आता तोच दिवस परत मांडतो, नवी १५० ची ट्यूब्युलर, चार्जिंगचा स्विच हायवर, १५ अँपिअर. सकाळी ३८ गेले. दोन वाजेपर्यंत ३ तासांत ४५ टाकले, कामाचे ३८ धरा. कागदावर पूर्ण भरपाई, पण शेवटचा भाग हळू भरतो म्हणून १०-१५ ची तूट राहील. दुपारी ३ तासांत ५७ गेले. म्हणजे ५ वाजता ७० च्या आसपास वापरलेली, ५० शिल्लक. सासऱ्यांचा पंखा एकदाही थांबला नाही. संध्याकाळचे ६ तास आणि मध्यरात्रीनंतरचे ८ तास मिळून ती पहाटेपर्यंत खरोखर फुल्ल होते. रोज एकदा फुल्ल झालेली ट्यूब्युलर सल्फेट धरत नाही.

तीन पंख्यांना ९ हजारांच्या आसपास, बॅटरीला १५. म्हणजे २४ हजारांत काम होतं, इन्व्हर्टर तोच. लिथियम आणि तिच्याजोगा इन्व्हर्टर घ्यायचा तर याच्या जवळजवळ दुप्पट, आणि पंखे तरीही बदलावेसे वाटतीलच.

शेळगीची_सून
हे समजलं. पंखे या आठवड्यात घेतो. बॅटरी खाली पॅसेजमध्ये येईल. दीर अजून लिथियमवर ठाम आहेत. त्यांचं म्हणणं, लाईट आणखी जास्त वेळ जायला लागली तर?

बॅटरीवाले_काका
दिरांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. दिवसभरात लाईट १० तासांवर आली, तर १५ अँपिअरने ट्यूब्युलर भरणार नाही आणि मग लिथियम घेण्यावाचून इलाज नाही. घरात पाणी बघणारं कुणी नसेल, किंवा ५०-६० किलोची बॅटरी हलवायला जागा नसेल, तरीही लिथियम. तुमच्या आजच्या वेळांना माझं मत ट्यूब्युलर. घेताना उंच टाकीची घ्या, तिच्यात पाणी जास्त मावतं. १५० चे स्टिकर सगळीकडे सारखेच दिसतात, म्हणून बॅटरी काट्यावर ठेवायला सांगा. त्याच आकड्याच्या दोन बॅटऱ्यांत ८-१० किलोचा फरक निघाला तर हलकीत शिसं कमी आहे.

होटगी_रोड
मी असतो तर लिथियम घेतली असती, पण सुटी बॅटरी नाही. इन्व्हर्टर, चार्जर आणि बॅटरी एकाच पेटीत येतात तसली. वॉरंटीसाठी एकाच माणसाच्या दारात जायचं.

पुणेकर_अभियंता
त्यात एक सेल गेला तर अख्खी पेटी दुरुस्तीला. सोलापुरात करून मिळतं का?

होटगी_रोड
बाळे_बायपास, तुमच्याकडे दुरुस्तीची वेळ आली का कधी? इथेच होतं, की पुण्याला पाठवावं लागतं?

बाळे_बायपास
अजून नाही आली. विक्रेता म्हणाला पाठवावी लागते, तोवर बदली बॅटरी देऊ. ते लिहून घेतलेलं नाही, या रविवारी जाऊन पावतीवर लिहून मागतो.

बॅटरीवाले_काका
ताई, जुनी फ्लॅट देताना तिचा भाव वेगळा सांगायला लावा. शिशाच्या भंगाराला वजनावर पैसे मिळतात आणि दुकानदार बरेचदा नव्या किमतीतच मिसळून टाकतात. नवी लागल्यावर लोड न देता आधी पूर्ण चार्ज होऊ द्या, मग सहा सेलची ग्रॅव्हिटी कागदावर लिहून बॅटरीला चिकटवा. तीन महिन्यांनी परत मोजा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ३० ने मागे पडलेला दिसला तर लगेच वॉरंटीत दाखवा.